आठ सेकंदांचा गोळेवाला

गेल्या मे महिन्यात आमच्या घरात बरेच दिवस पंखा बंद होता. वीज होती, बिल भरलेलं होतं, पंखाही ठणठणीत होता. तरी बंद होता, कारण आमच्या जेवणाच्या टेबलावर एक गोळेवाला दोन पावलं चालणार होता.

गोळेवाला मातीचा. उंची अठरा सेंटीमीटर. जुहू चौपाटीवर उभा राहून तो हातातला कालाखट्टा पुढे करणार, एवढंच कथानक. कल्पना माझ्या भाचीची. तिच्या शाळेने सुट्टीत 'स्वतः काहीतरी निर्माण करा' असा उपद्रव दिला होता आणि तिने क्लेची अ‍ॅनिमेशन फिल्म करायचं ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी तिचा उत्साह मावळला. माझा त्याच दिवशी उगवला. लहान मुलांनी अर्धवट टाकलेला पतंग, कॅरम किंवा केक पूर्ण करण्याची जी ओढ पन्नाशीच्या पुरुषांना असते, तिच्यावर अजून औषध निघालेलं नाही.

तत्त्व सोपं होतं. बाहुली जरा हलवायची, फोटो काढायचा. पुन्हा जरा हलवायची, पुन्हा फोटो. मग सगळे फोटो भरभर दाखवायचे, की माती चालायला लागते. "एका दुपारचं काम आहे," असं मी बायकोला म्हणालो. हे वाक्य तिने नंतर बरेच दिवस, वेगवेगळ्या सुरांत, मला परत ऐकवलं.

पहिला गोळेवाला मी शाडूचा केला. गणपतीच्या वेळी आणलेली माती माळ्यावर होती. सुरेख झाला. पोट, पगडी, मिशा, सगळं जमलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो वाळला होता. मी हात उचलायला गेलो तर हात उचलला गेला, पण एकटाच. आई म्हणाली, "अरे, शाडू बसलेल्या देवासाठी असतो. चालणाऱ्या माणसासाठी नव्हे."

मग शाळेच्या दुकानातून रंगीत क्ले आणली. हिच्यात तेल असतं, त्यामुळे ती वाळत नाही. दुसरा गोळेवाला हिचा. तो वाळला नाही. तो बसला. मे महिना, पंखा बंद, खिडक्या बंद. सकाळी ताठ उभा असलेला हा गृहस्थ अकरा वाजता गुडघ्यात वाकला आणि बाराला जेवणानंतरच्या माझ्यासारखा दिसू लागला. तेव्हा कळलं की माती ही फक्त कातडी आहे. आत हाडं लागतात.

हाडं हार्डवेअरच्या दुकानात मिळतात.

"अ‍ॅल्युमिनियमची तार द्या."

"कशाला पाहिजे?"

"माणसाला."

दुकानदाराने माझ्याकडे नीट पाहिलं. "कपडे वाळत घालायला लोखंडी घ्या ना. मजबूत येते."

मी लोखंडी घेतली आणि पस्तावलो. लोखंडी तारेला स्वतःचं मत असतं. मान डावीकडे वळवली, हात काढला, की ती थोडी परत येते. आमच्या सोसायटीच्या सभेत मंजूर झालेल्या ठरावांसारखं. अ‍ॅल्युमिनियमचं तसं नाही. जिथे वाकवाल तिथे मुकाट राहतं. म्हणून पुन्हा दुकानात जाऊन दीड मिलिमीटरची तार आणली आणि दोन पदर एकत्र पिळले. पिळायची युक्ती अशी: तार मधोमध दुमडायची, दुमडलेलं टोक दाराच्या कडीत अडकवायचं, सुटी टोकं ड्रिल मशिनच्या तोंडात धरायची आणि मशिन हळू फिरवायचं. मी जोरात फिरवलं. कडी आता एका स्क्रूवर आहे.

पिळलेल्या तारेचा माणूस वळवला, आणि जिथे खऱ्या माणसात हाड असतं तिथे, म्हणजे छाती, कंबर, मांडी आणि दंडावर, एम-सील थापलं. सांधे मोकळे ठेवले. हे नाही केलं तर बाहुलीचा हात कोपरात न वाकता सगळीकडून वाकतो आणि गोळेवाला गोळा देतोय की सोंड हलवतोय ते समजत नाही. डोकं मात्र भरीव मातीचं करायचं नाही. आत थर्माकोलची गोळी घालायची, नाहीतर मान वजनाने झुकते. हे मला तिसऱ्या गोळेवाल्याने सांगितलं. तो दिवसभर जमिनीकडे बघत होता.

खरी मेख पायात असते. चालणारी बाहुली बराच वेळ एका पायावर उभी असते, आणि एका पायावर उभं राहणं माणसालाही फार वेळ जमत नाही. म्हणून तळपायात एम-सीलमध्ये एक नट पुरून ठेवायचा, प्लायवुडला भोक पाडायचं आणि खालून स्क्रू पिळायचा. प्रत्येक पावलाला नवीन भोक. जुनं भोक वाळूच्या रंगाच्या क्लेने बुजवायचं. त्यासाठी बोर्ड टेबलापासून वर उचललेला हवा, म्हणजे खाली हात जातो. मी तो ज्ञानकोशाच्या चार खंडांवर ठेवला. वीस वर्षांत त्यांना पहिल्यांदाच काम मिळालं.

आता प्रकाश. घरात खिडकी आहे, खिडकीत ऊन आहे, ते फुकट आहे, असा मी हिशेब केला. सकाळी दहा ते एक असं तीन तास बसून चाळीस फोटो काढले. ते चालवून पाहिले तर सव्वातीन सेकंदांत गोळेवाल्याची सावली घड्याळाच्या काट्यासारखी त्याच्याभोवती फिरली, मध्येच एक ढग येऊन गेला आणि गोळेवाला जागचा फारसा हललाच नव्हता. सूर्य मात्र अप्रतिम चालत होता.

दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी नेमकं हेच पण मुद्दाम केलं होतं. कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा लावला, महिनाभर थोडंथोडं चित्रण केलं आणि लोकांना 'अंकुराची वाढ' दाखवली. पुढे त्यांनी आगकाड्या हलवून 'आगकाड्यांची मौज'ही काढली. म्हणजे माझा हा उद्योग आपल्याकडे शंभर वर्षांहून जुना आहे. फरक इतकाच, की वाटाणा आपला आपण वाढतो. त्याला तार लागत नाही आणि तळपायात नटही लागत नाही.

मी खिडक्यांना चादरी आणि वर्तमानपत्रं लावली. टेबलावरचा पिवळा बल्बचा दिवा आणला. त्याच्या उष्णतेने गोळेवाल्याचं नाक वितळून मिशीत गेलं, आणि स्वयंपाकघरातला फ्रिज सुरू झाला की दिवा किंचित मंद व्हायचा. डोळ्यांना ते जाणवत नाही. पण फोटो एकापाठोपाठ एक चालवले की पडदा लुकलुकतो. शेवटी दोन एलईडी दिवे आणले. एक डावीकडून जोरदार, कारण चौपाटीवर ऊन एकाच बाजूने येतं. उजवीकडे मात्र दिवा न लावता थर्माकोलची पांढरी शीट उभी करायची होती, म्हणजे त्याच प्रकाशाची परतफेड होऊन सावल्या मऊ पडतात. शीट उभी राहीना. मी बायकोला म्हणालो, "दादासाहेबांच्या वेळी सरस्वतीबाई तासन्‌तास उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहायच्या."

"अहो, त्यांचे यजमान सिनेमा काढत होते. तुम्ही गोळा काढताय."

शीट मी खुर्चीला टेकवली.

तरीही चित्र लुकलुकलंच. या वेळी चोर मोबाइलमध्ये होता. मोबाइलचा कॅमेरा हुशार असतो. प्रत्येक फोटोला तो नव्याने विचार करतो: आता उजेड किती, रंग कोणता, नजर कुठे ठेवू? गोळेवाल्याचा हात जरा पुढे आला की याला वाटतं, अरे, अंधार झाला, उजळ करू. अशा कामाला हुशार माणूस नको, सरकारी शिक्क्यासारखा एकच गोष्ट पुन्हापुन्हा करणारा हवा. म्हणून स्टॉप-मोशनचं अ‍ॅप घेऊन त्यात उजेड, रंग आणि फोकस तिन्ही कुलूपबंद करायचे असतात. शिवाय आपली वीज सेकंदाला पन्नास फेरे घेते, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो. मोबाइल त्याहून झटपट फोटो टिपत असेल तर कधी त्याला भरती मिळते, कधी ओहोटी. फोटोचा वेळ सेकंदाच्या पन्नासाव्या भागाइतका ठेवला की प्रत्येक फोटोत दोन पूर्ण लाटा येतात आणि भांडण मिटतं.

भांडण मिटलं, पण गोळ्यावरचा बर्फ काही फोटोंत पिवळा दिसायला लागला. दिवे तेच, कॅमेरा तोच. दीड तास शोधल्यावर भाचीने सोफ्यावरून, मान वर न करता सांगितलं, "मामा, तुझा टी-शर्ट." माझा पिवळा टी-शर्ट. मी जवळ उभा असलो की बर्फ पिवळा, लांब गेलो की पांढरा. या धंद्यातली माणसं काळे कपडे घालतात आणि फोटो घेताना रोज एकाच जागी उभी राहतात, ते उगाच नाही. मी लग्नातली काळी पँट आणि काळा शर्ट घातला, जमिनीवर चिकटपट्टीची फुली केली आणि तिच्यावर जाऊन उभा राहिलो.

नेमकं तेव्हाच शेजारचे काका आले. दुपारी तीनला पडदे बंद, आत दिवे, दारात घामाघूम झालेला मी, नखशिखांत काळा. त्यांचा आवाज एकदम खाली गेला.

"काय झालं? आई बऱ्या आहेत ना?"

"आई बरी आहे. गोळेवाल्याचा उजेड परावर्तित होतो म्हणून."

काका थोडा वेळ थांबले. मग म्हणाले, "संक्रांत जानेवारीत होऊन गेली. हलव्याचे दागिने घालायचे राहिलेत का?"

त्यानंतर तीन दिवस जिन्यात लोक माझ्याशी जपून बोलत होते.

राहिला वेग. इथे मी शहाणपणा केला नाही असं नाही, उशिरा केला. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी चालतो. मातीच्या कामात बहुतेक वेळा एकेक स्थिती दोन-दोन चित्रं दाखवतात, म्हणजे सेकंदाला १२ वेळा हलवलं तरी भागतं. आठ सेकंदांना ९६ फोटो. पण हे आधी ठरवायचं असतं. मी पहिल्या दिवशी काही भाग १० च्या हिशेबाने केला, काही १५ च्या. चालवला तेव्हा गोळेवाला आधी पाण्यातून चालल्यासारखा चालला आणि मग पाठीमागे महापालिकेची गाडी लागल्यासारखा पळाला.

मग मी घड्याळ लावून स्वतःच गोळा द्यायचा सराव केला. बायको वेळ मोजायला उभी.

"हात खालून वर, पुढे. किती?"

"दोन सेकंद. त्यात पाऊण सेकंद तुमचा खांदा अडकला."

दोन सेकंद म्हणजे २४ फोटो. अंतर मोजलं तर गोळा सहा सेंटीमीटर सरकणार होता. मी सरळ भागाकार केला: प्रत्येक फोटोला अडीच मिलिमीटर. चालवून पाहिलं तर गोळेवाल्याने हात उचलला तो रेल्वेच्या फाटकासारखा. माणूस असा हात उचलत नाही. तो आधी जरा घुटमळतो, मग झपकन पुढे येतो आणि शेवटी हळू थांबतो, विशेषतः हातात पातळ रंगाचा गोळा असेल तर. म्हणून पहिल्या चार-पाच फोटोंत अर्धा-अर्धा मिलिमीटर, मधल्यांत चार-साडेचार आणि शेवटी पुन्हा अर्धा.

हे सगळं लक्षात ठेवायला मी एप्रिलचं कॅलेंडरचं पान फाडलं. त्यावर तीस चौकोन आयते असतात. प्रत्येक चौकोन म्हणजे एक फोटो, आत किती मिलिमीटर ते लिहायचं. त्यामुळे आमच्या गोळेवाल्याचा हात एकादशीला सुटतो, पौर्णिमेला वेग घेतो आणि संकष्टीला थांबतो. बायकोने ते पान पाहिलं आणि मागच्या बाजूला लोणच्याची कृती होती एवढंच म्हणाली. फार हळू म्हणाली.

बुधवारी सकाळी अकराला प्रत्यक्ष चित्रण सुरू झालं. मोबाइल ट्रायपॉडवर, ट्रायपॉड डळमळू नये म्हणून त्याच्या मधल्या दांड्याला तूरडाळीची पाच किलोची पिशवी. फोन विमान-मोडवर, कारण आदल्या दिवशी पंधराव्या फोटोला माझ्या मेहुण्याचा फोन आला आणि मोबाइल थरथरत तीन मिलिमीटर खाली गेला होता. स्क्रीनला बोट लावायचं नाही, फोटो लांबून, सेल्फीच्या ब्लूटूथ बटणाने. आणि घरच्यांना तीन नियम: पळायचं नाही, दार आपटायचं नाही, टेबलाला टेकायचं नाही.

"डाळ कुठे आहे?" स्वयंपाकघरातून प्रश्न.

"ट्रायपॉडला."

"मग आज वरण कशाचं लावू? ट्रायपॉडचं?"

विमान-मोडवर फोन टाकता येतो, जुहू टाकता येत नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन ज्या जुहूच्या विमानतळावर उतरले, तिथून आता हेलिकॉप्टर उडतात आणि त्यातलं प्रत्येक हेलिकॉप्टर आमच्या गच्चीला विचारून पुढे जातं असं वाटतं. खिडक्यांच्या काचा आधी बोलतात, मग कपाटातल्या बश्या. अशा वेळी फोटो घ्यायचा नाही, फुलीवर काळ्या कपड्यांत हात बांधून उभं राहायचं. घर थरथरलं आणि चित्र हललं की नाही ते बघायला अ‍ॅपमध्ये एक सोय असते. आधीचा फोटो फिकट करून आताच्या दृश्यावर पसरता येतो. इंग्रजीत तिला कांद्याची साल म्हणतात, हे मी बायकोला सांगितलं तेव्हा ती कांदाच चिरत होती. ती काही बोलली नाही. त्या सालीत समुद्राची कड दोनदा दिसली की समजायचं, कॅमेरा सरकला. समुद्र म्हणजे निळं प्लॅस्टिक. खरा समुद्र घरापासून पंधरा मिनिटांवर होता, पण तो हलतो.

पहिली पन्नास चित्रं देवासारखी झाली. प्रत्येक फोटोच्या आधी गोळेवाल्यावरचे माझ्या बोटांचे ठसे ब्रशने सारखे करायचे, नाहीतर त्याच्या अंगाला मुंग्या आल्यासारखी कातडी वळवळते. बर्फाला हात लावण्याआधी हात पुसायचे. पांढरी क्ले सगळ्या रंगांची घाण गोळा करते. मधूनमधून पात्राला फ्रिजमध्ये घट्ट व्हायला ठेवता येत नव्हतं, पण सुटे हात मी तिथे ठेवले होते. कामवाल्या बाईंनी भेंडीच्या ट्रेमध्ये मनगटापासून खांद्यापर्यंतचा सावळा हात पाहिला आणि त्या म्हणाल्या, "वहिनी, उद्या मी येत नाही." त्या परवा आल्या.

मध्ये केव्हातरी आई येऊन गेली. "चहा घेणार का?" असं विचारून टेबलाशी घटकाभर उभी राहिली, गोळेवाल्याकडे बारीक पाहिलं, डोळे चोळले आणि गेली. मी मान वर केली नाही. ५२ वा फोटो चालू होता.

७४ व्या फोटोला कोपर तुटलं.

यात हेलिकॉप्टरचा दोष नव्हता. अ‍ॅल्युमिनियम मुकाट राहतं ते मोजून. तेच कोपर तेवढ्याच जागी पुन्हापुन्हा वाकवलं की आतली तार कडक होत जाते आणि एक दिवस, कुठलाही आवाज न करता, जाते. चित्रणात मी ते कोपर जेमतेम तीसेक वेळा आणि तेही इतकंसं हलवलं होतं. पण आदल्या रात्री शेजारचे काका, त्यांच्या सूनबाई, वरच्या मजल्यावरची दोन मुलं आणि इस्त्रीवाला अशा सगळ्यांना "हे बघा, खऱ्यासारखं वाकतं" म्हणून मी ते पूर्ण दुमडून, पूर्ण ताणून दाखवलं होतं. प्रत्येकी तीनदा. इस्त्रीवाल्याला पाचदा, कारण त्याने विचारलं होतं. मोठे कारागीर खांद्यात पितळी नळी पुरून ठेवतात. हात मोडला की उपसायचा, दुसरा खोचायचा. मी एम-सील पुरलं होतं. कातडी फाडून, दंडातलं एम-सील पकडीने फोडून, नवी तार जोडून सुट्या हातांतला एक बसवायला रात्रीचे दहा वाजले. हात दुसरा, त्यात खांदा दोन मिलिमीटर वर. कांद्याच्या सालीत बघून बघून त्याला खाली बसवलं.

उरलेले २२ फोटो गुरुवारी झाले. निक पार्क यांनी वॉलेस आणि ग्रोमिटचा पहिला चित्रपट विद्यार्थी असताना सुरू केला आणि तो पुरा होऊन लोकांपुढे आला १९८९ साली, कितीतरी वर्षांनी. हे मी जेवताना घरात सांगितलं. सगळे एकदम जेवायचे थांबले. मग मी घाईघाईने सांगितलं, की माझं संपलंय.

शुक्रवारी संध्याकाळी पहिला खेळ. पंखा लावला. मोबाइल टीव्हीला जोडला. काका आले. आई पुढच्या खुर्चीवर बसली. ती बुधवारपासून जरा चिडलेलीच होती, कारण तिचा चष्मा सापडत नव्हता आणि वर्तमानपत्र तिला भाचीकडून वाचून घ्यावं लागत होतं. भाची फक्त राशिभविष्य वाचायची.

मी बटण दाबलं. गोळेवाला निघाला. एक पाऊल. दुसरं पाऊल. घुटमळला, हात झपकन पुढे आला, हळू थांबला. काळं झालं.

"संपलं?" आई म्हणाली.

"आठ सेकंद असतात."

काकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या सिनेमापेक्षा लांब चालल्या. भाची मात्र टीव्हीच्या अगदी जवळ गेली होती. "मामा, पुन्हा लाव. तिथे मागे काहीतरी आलं."

पुन्हा लावलं. मग एकेक चित्र पुढे करत गेलो. ५२ मध्ये चौपाटी रिकामी. ५३ मध्ये निळ्या समुद्राच्या कडेला, गोळेवाल्याच्या बरोबर मागे, त्याच्या कमरेएवढं काहीतरी काळ्या काठांचं, दोन काचांचं, वाळूत रुतलेल्या जहाजासारखं उभं होतं.

"आजीचा चष्मा!"

५४, ५५, ६०, ७० मध्येही ते जहाज होतंच. बावीस फोटो मी त्याच्याकडे बघून काढले होते आणि कांद्याच्या सालीत मला फक्त गोळेवाल्याचा हात दिसत होता. ७४ मध्ये चष्मा होता. ७५ मध्ये नव्हता.

घरातले सगळे माझ्याकडे बघायला लागले. ७४ आणि ७५ च्या मध्ये काय झालं ते माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं, आणि मलाही ते आत्ताच आठवत होतं. कोपर तुटलं. तारेचं टोक बारीक, दिसेना. हाताला जो पहिला चष्मा लागला तो मी डोळ्यांवर चढवला. तुटका हात काढला, घट्ट व्हायला म्हणून...

भाची तोवर स्वयंपाकघरात पोचली होती. फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला. "भेंडीत आहे! हातात धरलाय!"

मातीच्या मुठीत अडकलेला चष्मा तिने आणून आजीला दिला. आईने तो पदराने पुसला, काचांवरचं धुकं जाईपर्यंत थांबली, नाकावर चढवला आणि खुर्ची पुढे सरकवून म्हणाली,

"हं. लाव आता. मघाशी मला काही दिसलंच नव्हतं."